चित्रवर्णन : घरातला माग

(मराठी तोंडी परीक्षा, भाग दुसरा, सोलापूर. वेळ चार मिनिटं. उमेदवाराला एक रंगीत छायाचित्र दिलं आहे.)

नमस्कार मॅडम, नमस्कार सर. सुरू करू का?

हे एका घराच्या आतलं चित्र आहे. घर लहान आहे, बहुतेक एकाच खोलीचं. खोलीचा निम्म्याहून जास्त भाग हातमागाने व्यापलाय आणि माणसं उरलेल्या जागेत बसली आहेत. चौघं दिसतात : मागावर एक पुरुष, उंबऱ्याजवळ एक बाई, भिंतीला टेकून एक मुलगा आणि अगदी मागे, अंधारात, अजून कोणीतरी. उजेड फक्त उजवीकडच्या दारातून येतोय, त्यामुळे दाराजवळचं सगळं स्पष्ट आहे आणि डावा कोपरा काळसर आहे.

आधी मागाबद्दल सांगते. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आम्ही मागाला मग्गम म्हणतो. माझे आजोबा विणायचे, म्हणून मला हे जरा जास्त ओळखीचं आहे. हा खड्ड्यातला माग आहे. त्या काकांचे पाय दिसत नाहीत, कारण ते खड्ड्यात आहेत आणि तिथल्या पावड्या ते पायाने दाबत असणार. डाव्या हातात फणीचा दांडा आहे. उजवा हात पुसट आलाय, म्हणजे फोटो काढला त्या क्षणी तो हलत होता. धोटा फेकायची दोरी त्यांनी ओढली असावी. धोटा मात्र मला कुठेच दिसत नाही. तो ताण्याच्या धाग्यांमधून जात असेल.

मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ लोंबतेय, तिला बारीक भोकं आहेत. ते जकार्डचे पत्ते आहेत. ज्या अर्थी पत्ते आहेत, त्या अर्थी कापडावर नक्षी असणार. पण विणलेला भाग खाली गुंडाळलेला आहे, वर फक्त चारेक बोटं लाल आणि पिवळा रंग दिसतो. सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण ही चादर नसावी. पन्हा फारच अरुंद आहे, त्या काकांच्या खांद्यांपेक्षा थोडासाच जास्त. कदाचित भिंतीवर लावायचं चित्र असेल. आमच्याकडे तीही मागावर विणतात.

आता उंबऱ्याजवळची बाई. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. ती विडी वळतेय. शेजारी कात्री आहे आणि दोऱ्याने बांधलेल्या विड्यांच्या जुड्या आहेत. ती हाताकडे बघत नाही, मुलाकडे बघतेय. आमच्या गल्लीतल्या मावशीही अशाच वळतात, बोलता बोलता. बोटांना सगळं पाठ असतं.

मुलगा दहाएक वर्षांचा असेल. अंगात गणवेश आहे आणि दप्तर पाठीवरच आहे. तो शाळेत निघालाय की घरी आलाय? आधी मला सकाळ वाटली, कारण ऊन तिरपं आहे. पण संध्याकाळीही ते तिरपंच असतं. आता बघितलं तर त्याचे मोजे धुळीने माखलेत, सदरा बाहेर आलाय आणि पाण्याची बाटली रिकामी आहे. तेव्हा संध्याकाळच असावी.

दारावरचं तोरण सुकलंय, म्हणजे एखादा सण होऊन गेलाय. कोणता ते सांगता येणार नाही. दिनदर्शिका आहे, पण महिना वाचता येत नाही.

मागाखाली एक गोल, चकाकणारी वस्तू आहे. पहिल्यांदा मला ती ताटली वाटली. पण जेवणाचं भांडं कोणी मागाखाली, सुताच्या धुळीत ठेवणार नाही. खोबरेल तेलाच्या डब्याचं झाकण असेल किंवा कांड्या ठेवायचा डबा. कांड्या हाताशी लागतात, म्हणून मला डबाच जास्त पटतो.

परीक्षक : आणि ती चौथी व्यक्ती?

हो मॅडम. चेहरा दिसत नाही. पांढरे केस आणि पदराचा काठ तेवढा दिसतो, म्हणून ती आजी असावी. तिच्यापुढे चाकासारखं काहीतरी आहे. शिवणयंत्राचं चाक असू शकतं, पण ती जमिनीवर बसलीय आणि चाकापासून तिच्या डाव्या हातापर्यंत एक पांढरी रेघ दिसते. ती रेघ सुताची असेल, तर तो चरखा आहे आणि ती कांड्या भरतेय.

परीक्षक : खात्री आहे?

चरख्याची बरीचशी आहे. आजीची तेवढी नाही मॅडम. माझी आजी अशीच त्या कोपऱ्यात बसायची, त्यामुळे मला तिथे तीच दिसत असेल. चित्रात फक्त केस आणि काठ आहे.