भाड्याच्या घरातलं पहिलं लाइट बिल: ओळीओळीने वाचूया

[सुरुवात. टेबलावर उघडं बिल, शेजारी चहाचा कप. कॅमेरा वरून.]

तर मंडळी, हे माझ्या धाकट्या भावाचं बिल. वारज्यात वन बीएचके घेतलाय भाड्याने, दोघं राहतात, आणि पहिलं बिल आलं 2370 रुपये. मला फोन, ताई एवढं कसं आलं, आम्ही तर दिवसभर ऑफिसला असतो. म्हटलं बिलाचा फोटो पाठव. त्याने फक्त खालच्या रकमेचा फोटो पाठवला. म्हणजे बघा, आपण सगळे बिल असंच वाचतो, खालून, आणि तिथेच थांबतो.

हे महावितरणचं बिल आहे. मुंबईत अदानी, टाटा किंवा बेस्ट असेल तर कागद वेगळा दिसेल, काही नावं बदलतील, पण हिशोबाची पद्धत बरीचशी अशीच.

[क्लोजअप: बिलाचा वरचा भाग. ग्राहक क्रमांकावर बोट.]

सगळ्यात वर ग्राहक क्रमांक, 12 आकडी. हा तुमचा नाही, त्या घराचा आहे. नाव मालकाचं असतं, कधी कधी तर आधीच्या मालकाचं किंवा बिल्डरचंच, घाबरू नका. ऑनलाइन भरताना नंबर टाकला की नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी जुळतंय का बघा आणि मगच पैसे भरा, नाहीतर एक आकडा चुकला की शेजारच्यांचं बिल तुमच्या खिशातून जाईल. सोबत बीयू म्हणजे बिलिंग युनिटचा चार आकडी नंबर असतो, तोही काही ठिकाणी विचारतात.

जवळच दर संकेत. तिथे घरगुती, म्हणजे LT I, असायला हवं. जागा आधी ऑफिस किंवा क्लासला दिलेली असेल तर कधी कधी व्यावसायिक रेट तसाच चालू राहतो आणि भाडेकरू महिनोन्‌महिने महाग लाइट भरतो. मंजूर भार ही ओळ आत्ता सोडून द्या, एसी लावणार असाल तेव्हा मालकाशी बोला.

[क्लोजअप: रीडिंगची ओळ. स्क्रीनवर अक्षरं: 6412 − 6198 = 214]

आता इथे थांबायचं. चालू रीडिंग 6412, मागील रीडिंग 6198, वजाबाकी 214 युनिट. पुढे गुणक अवयव 1 लिहिलंय, घरगुती मीटरला बहुतेक वेळा 1च असतो.

आता खाली जाऊन मीटर बघायचा.

[कट: जिन्याखालचा मीटर बोर्ड, मोबाइलचा टॉर्च.]

आधी मीटर नंबर जुळवा. आठ मीटर एका रांगेत असतात, आणि त्यावर खडूने लिहिलेले फ्लॅट नंबर कुणी कधी लिहिले देवालाच माहीत. मग स्क्रीनवर आकडे बदलत राहतात त्यातला kWh लिहिलेला आकडा घ्यायचा, व्होल्टेजचा किंवा तारखेचा नाही. तो बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्तच असणार, कारण रीडिंग घेतल्यानंतरही फ्रिज चालूच आहे ना. पण मीटरवरचा आकडा बिलापेक्षा कमी निघाला तर मात्र काहीतरी गडबड आहे, लगेच फोटो काढा.

आणि मीटर स्थिती वाचा. नॉर्मल असेल तर ठीक. तिथे लॉक किंवा फॉल्टी असं काही असेल तर ते रीडिंग खरं घेतलेलं नाही, सरासरी युनिट लावलेत. आणि सरासरी कुणाची, तर आधी राहणाऱ्यांची! ते पाच जण आणि तुम्ही दोघं असाल तरी आकडा त्यांचा. अशा वेळी तुमच्या मीटरचा फोटो घेऊन तक्रार करायची, 1912 ला फोन लावा नाहीतर ॲपवर टाका.

[परत टेबल. क्लोजअप: आकारांचा तक्ता. कॅल्क्युलेटर.]

आता पैसे. रेट बदलत असतात म्हणून मी सोपे गोल आकडे घेतेय, तुमच्या बिलावर छापलेले रेट तुम्ही घ्या.

स्थिर आकार, 130. हा युनिटवर नाही, कनेक्शन आहे म्हणून आहे. महिनाभर गावी गेलात तरी येणार.

वीज आकार, हा मोठा. पहिले 100 युनिट साडेचार रुपयांनी, 450. त्यापुढचे 114 युनिट दहा रुपयांनी, 1140. झाले 1590. लोकांना वाटतं 100 च्या वर गेलो की सगळेच युनिट महाग. तसं नाही, फक्त वरचे महाग. पण वरचा रेट दुपटीहून जास्त आहे ना, म्हणून गीझरचं ते जास्तीचं अर्धा तास टोचतं. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट. भावाची बायको म्हणाली, ताई हे रोज दोनदा लावतात. पुढचं मी काही बोलले नाही.

वहन आकार म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणायचं भाडं, इथे युनिटला 1.20 धरलाय, 257 रुपये. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा, वीजखरेदी महाग-स्वस्त झाली की वर-खाली होणारी रक्कम, 64 रुपये, एखाद्या महिन्यात वजाही येते. या चारही ओळींची बेरीज 2041, त्यावर 16 टक्के वीज शुल्क, 327. एकूण 2368, आणि दहाच्या पटीत करून 2370. बिल बरोबर होतं हो, भाऊ चुकला होता.

[क्लोजअप: थकबाकीची ओळ. तिथे शून्य.]

ही ओळ मात्र भाडेकरूने सगळ्यात आधी बघायची. थकबाकी. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात इथे 3140 होते, आधीच्या मुलांनी दोन महिने भरलंच नव्हतं, आणि मालक म्हणाले आता तुम्ही राहताय ना, भरून टाका. मी भरले. आता असं झालं तर मी राहायला आलेल्या दिवसाचा मीटरचा फोटो दाखवेन, जो तेव्हा माझ्याकडे नव्हता. तसा फोटो काढा, मालकाला व्हॉट्सॲपवर टाका, तारीख आपोआप पडते.

अजून एक. वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं, वापर वाढला की जास्तीची ठेव मागतात. ती ठेव मालकाच्या नावावर जमा होते, तुमचा करार काही वेगळं सांगत नसेल तर ते बिल मालकाकडे पाठवा. मासिक बिल समजून भरून बसू नका.

[क्लोजअप: तारखांची चौकट.]

शेवटी तारखा तीन. सात दिवसांत भरलं तर साधारण एक टक्का सूट, इथे वीस एक रुपये, म्हणजे एक चहा-वडापाव. मग देय दिनांक. आणि त्यानंतर भरलं तर सव्वा टक्का दंड. एसएमएस मालकाला जातो आणि मालक फॉरवर्ड करतात आठ दिवसांनी, म्हणून मालकांना विचारून तुमचा नंबर रजिस्टर करून घ्या, नाहीतर दर महिन्याला तुमची सूट जाणार आणि दंडही तुम्हीच भरणार.

[भावाचा मेसेज स्क्रीनवर.]

त्याचा आत्ताच मेसेज आलाय, "ताई, गीझरला टायमर मिळतो का?" मिळतो रे, आणि तुम्हालाही हवा असेल तर खाली कॉमेंटमध्ये विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत, तेव्हा सोसायटी मेंटेनन्सची पावती उघडू, ती यापेक्षा भारी आहे.