जिन्याच्या गोल खिडकीसाठी संत्री-पळसाचं मंडल

रंगीत काचेच्या गोल खिडकीचं संकल्पचित्र काढ. खिडकी नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घराच्या जिन्यात, पश्चिमेच्या भिंतीत आहे. व्यास ३० इंच. चित्रावरून कारागीर खऱ्या मापाचा कागद काढून काच कापणार आहे. त्यामुळे हे काचेचा भास देणारं चित्र असून चालणार नाही. ज्याचा प्रत्येक तुकडा कापता येईल असा नकाशा हवा.

विषय फाल्गुनातला आहे. त्या दिवसांत मृग बहाराची संत्री बाजारात असतात आणि काटोलच्या रस्त्याला पळस पेटलेला असतो. आईचं माहेर काटोलचं. तिला ही दोन्ही एका वर्तुळात दिसायला हवीत.

सगळी रचना १२ च्या हिशोबात, घड्याळाच्या आकड्यांसारखी. प्रत्येक भाग बरोबर ३० अंशांचा. एक भाग नीट काढ आणि तोच केंद्राभोवती १२ वेळा फिरव. मागच्या चित्रात पाकळ्या ११ च आणि एका बाजूला दाटीवाटीने आल्या होत्या, म्हणून आकडा पुन्हा सांगतो: बारा. सममिती फिरवण्याची हवी, आरशातली नको. पळसाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी एका अंगाला वळते. बाराही पाकळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वळायला हव्यात, म्हणजे स्थिर खिडकीतही मंडल फिरतंय असं वाटेल. आरशासारखी उलटसुलट जोडी केलीस तर ही सगळी गंमत जाईल.

केंद्रात ४ इंच व्यासाची एकसंध गोल काच, हळदी पिवळी. बारा रेषा एका बिंदूत आणू नकोस. तिथे शिशाच्या पट्ट्यांचा आणि झाळकामाचा गोळा होतो, आणि काचेची टोकं सुईसारखी निघून तुटतात. त्याभोवती संत्र्याच्या १२ फोडी, आत एक इंच रुंद आणि बाहेर गोलसर. पहिल्या फोडीचा मध्य १२ च्या आकड्यावर. मग सालीच्या आतल्या पांढऱ्या भागासारखं एक इंच रुंदीचं दुधी कडं, १२ तुकड्यांचं. त्याचे सांधे फोडींच्या सांध्यांसमोर न येता प्रत्येक फोडीच्या मध्यावर यावेत. सांधे एका सरळ रेषेत आले तर खिडकी बिजागरीसारखी तिथेच वाकते, म्हणून ही गोष्ट चुकवू नकोस.

कड्याबाहेर पळसाच्या १२ पाकळ्या, ४ इंच लांब, दोन फोडींच्या मधोमध. वळण उथळ ठेव. आत खोल शिरणारी वळणं काचेत कापताना तडकतात. पाकळ्यांच्या मधे १२ गडद निळे तुकडे, पाकळीपेक्षा अरुंद. उन्हात निळा आजूबाजूला पसरतो आणि शेजारचा रंग खातो.

पुढच्या रांगेत पानं. पळसाला पाने तीनच, म्हणून इथेही तिनाचाच झुबका, बारा ठिकाणी, फोडींच्या रेषेत. पानं रुंद, एकमेकांना चिकटलेली, टोकं बाहेरच्या वर्तुळाला टेकलेली. दोन झुबक्यांच्या मधे एक निळा तुकडा. सगळ्यात बाहेर दीड इंचाची किनार, २४ तुकड्यांची: झुबक्यांवर लाल, निळ्यावर पिवळा. एकूण १२१ तुकडे भरले पाहिजेत.

रंग सहाच, यापेक्षा एकही जास्त नको:

```
फोडी    #F2811D
पाकळी   #D9381E
कडं     #FBF1D6
पानं    #1F6B3A
निळा    #1D4E89
पिवळा   #F6C445
```

किनारीतला लाल पाकळीचाच आणि पिवळा केंद्राचाच. एका तुकड्यात एकच सपाट रंग. छटा, चमक, सावली, काचेतले बुडबुडे, रंग एकमेकांत मिसळणं, यातलं काहीही नको. दुपारचं ऊन आपोआप छटा आणतं, ती चित्रात आधीच रंगवली तर काच निवडताना कारागीर गोंधळतो. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी काळी रेष, सगळीकडे सारख्याच जाडीची, कुठेही न तुटलेली. अर्धवट सुटलेली रेष म्हणजे हवेत लटकलेली पट्टी. नाण्यापेक्षा लहान तुकडा नको, लांब चिंचोळी चिपही नको.

चित्र चौरस, पार्श्वभूमी कोरी पांढरी, वर्तुळ मधोमध आणि पूर्ण. समोरून, सपाट. खिडकीची चौकट, भिंत, खोली, देवाची मूर्ती, चेहरा, अक्षरं, नक्षीदार कोपरे काहीही घालू नकोस.

याच मापात दुसरं चित्रही हवं, रंगाशिवाय फक्त काळ्या रेषांचं. दोन्ही एकावर एक ठेवली तर रेष रेषेवर बसली पाहिजे.