विषय: सीनिअर अकाउंटंट पदाचा अर्ज मागे घेण्याबाबत

नमस्कार मॅडम,

येत्या गुरुवारी चाकणच्या प्लँटवर ठरलेल्या दुसऱ्या मुलाखतीला मी येऊ शकणार नाही. माझा अर्जही मागे घेते आहे. गेल्या आठवड्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. फिजिओथेरपी बरेच महिने चालेल आणि घरी आई एकटीच आहे, म्हणून सध्या सांगली सोडायची नाही असं ठरवलं. ती वेळ दुसऱ्या कुणाला देता यावी यासाठी लगेच कळवते आहे.

पहिल्या फेरीत अकाउंट्सच्या सरांनी जीएसटीच्या ताळमेळावर किती मनमोकळी चर्चा केली! मुलाखतीत असं क्वचितच होतं. त्यांना माझे आभार जरूर सांगा. पुढेमागे घरून करता येण्यासारखं काम निघालं, तर मला नक्की कळवा.

आपली,
अनघा