पाटलीचा टंच कमी निघाला आणि घडणावळ जादा लावली त्याबद्दल

कोल्हापूर, 24 जून 2024

शेठ, नमस्कार.

बिल नंबर 1147, तारीख 10 मे, अक्षय्य तृतीया. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती त्यामुळं तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित, पण माझ्या आईच्या बोरमाळेपासून आमच्या घरचं सोनं तुमच्याकडंच होतंय म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहूनच देतोय.

पोरीच्या लग्नासाठी पाटल्यांचा जोड घेतला, एक 15.240 ग्रॅम आणि दुसरी 15.310, दोन्ही 22 कॅरेट 916 म्हणून बिलात लिहिलंय, भाव 6,700 रुपये ग्रॅम. गेल्या आठवड्यात कार्यालयाच्या अ‍ॅडव्हान्ससाठी जोड तारण ठेवायला सोसायटीत नेला तर तिथल्या सराफानं कस लावला आणि म्हणाला एक बरोबर आहे, दुसरी जरा लालसर वाटतीय. चारचौघांत असं ऐकायला कसं वाटतं ते तुम्हीच बघा. मी सरळ बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरला जाऊन दोन्हीचा टंच काढला, 236 रुपये भरून. लहान पाटली 91.6 आली, म्हणजे ओके. मोठी 87.5. म्हणजे 21 कॅरेट.

आता तुम्ही म्हणाल डागाच्या, म्हणजे सांधलेल्या जागी मशीन लावलं असणार. मी पण आधी तेच विचारलं त्यांना. तीन ठिकाणी तपासली, डाग सोडून, आणि तिन्ही आकडे रिपोर्टवर आहेत. तरी मशीनवर विश्वास नसेल तर दोघांच्या समोर सॅम्पल काढून भट्टीत आटवून टंच करू, माझी तयारी आहे.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. घरी येऊन बीआयएस केअर अ‍ॅपवर दोन्हीचे सहा अक्षरी एचयूआयडी टाकले. लहानीचा बरोबर दाखवतोय, पाटली, 22 कॅरेट, तुमचंच दुकान. मोठीचा टाकला तर दागिना म्हणून अंगठी येतीय! अंगठीचा नंबर पाटलीवर कसा आला हे मला कळत नाही, कारागिराकडून झालं का सेंटरवर ते तुम्ही शोधा, मला माल तुम्ही विकलाय. आणि हॉलमार्किंगचे 45 च्या हिशोबानं दोन्हीचे घेतलेत ते वेगळंच.

घडणावळीचं म्हणाल तर तुमच्या मुलानं मला त्याच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली होती, "10 टक्के, सगळं धरून". घाईत बिल बघितलं नाही ही माझी चूक. बिलात घडणावळ 14 टक्के आणि वर घट म्हणून 2 टक्के. सोन्याची किंमत 2,04,685, त्याच्यावर 6 टक्के जादा म्हणजे 12,281.10, त्याच्यावर 3 टक्के जीएसटी 368.43, असे 12,649.53 रुपये माझ्याकडनं जादा गेलेत. घट लावायची असेल तर आधी सांगायची, आम्ही घासाघीस केली असती नाहीतर दुसऱ्या दुकानात गेलो असतो, गुजरीत दुकानं कमी आहेत काय.

टंचाचा फरक पण काढलाय. 916 च्या जागी 875, मोठ्या पाटलीच्या 15.310 ग्रॅमवर 4,591.33 रुपये होतात. बीआयएसच्या 2018 च्या नियमात 49 नंबरला आहे की टंच कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला द्यायचा.

मला भांडण वाढवायचं नाही. मोठी पाटली त्याच वजनाची, त्याच घडणीची, स्वतःच्या खऱ्या एचयूआयडीची बदलून द्या, नवीन घडणावळ न लावता, तर फरकाचं मी काही मागत नाही, फक्त जादा घेतलेले आणि टंच काढायला भरलेले 236 मिळून 12,885.53 द्या. बदलायची नसेल तर नियमाप्रमाणं दुप्पट फरक 9,182.66 धरून एकूण 22,068.19 होतात, ते खात्यावर टाका. दुरुस्त बिल दोन्हीकडं पाहिजे.

पंधरा दिवस थांबतो, म्हणजे 9 जुलैपर्यंत. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर आणि बीआयएस केअरवर तक्रार टाकणार आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. चिठ्ठी, बिल, रिपोर्ट यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्यात, ओरिजिनल माझ्याकडं आहेत.

आणि एक, पाटली "ठेवून जा, बघून सांगतो" म्हणून मी दुकानात सोडणार नाही. बघायची तर माझ्यासमोर बघायची. यायच्या आधी फोन करतो, तुम्ही स्वतः गादीवर असाल तेव्हाच येतो.

तुमचं जुनं गिऱ्हाईक,
शिवाजी पेठ
(नाव आणि मोबाइल बिल 1147 वर आहेच)