लघुपट ‘खाडा’: निर्मितीसाठी प्रस्ताव

ऐरोली, नवी मुंबई
12 जानेवारी 2026

आदरणीय देशमुखसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तेजस्विनी. गेली पाच वर्षं घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे. ‘खाडा’ हा माझा पहिला लघुपट, साधारण 20 मिनिटांचा. त्याची निर्मिती आपण करावी, ही विनंती.

गोष्ट द्वारकाची. जिंतूरकडून आलेली, कोपरखैरणेच्या मजूर नाक्यावर सकाळी सातला उभी राहणारी बिगारी. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी झाली, तर मुलीला शिक्षणासाठी मदत मिळू शकते. कायद्यानुसार नोंदणीला मागच्या वर्षभरात किमान 90 दिवसांचं काम लागतं. द्वारकाचं काम त्याहून जास्त झालंय, पण नऊ ठेकेदारांकडे. नाक्यावरची हजेरी कोण लिहून ठेवतो? मुलीने मात्र ठेवलीय. खोलीतल्या कॅलेंडरवर, रोजच्या चौकोनात: ‘घणसोली, विटा’, ‘तुर्भे, प्लास्टर’, ‘खाडा’.

लघुपट एका दिवसाचा आहे. गावठाणात एका इमारतीचा स्लॅब टाकला जातोय. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, माणसांची रांग लागली. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही. जुना आणि नवा माल एकजीव होत नाही, जोड कच्चा राहतो. नेमकं तेव्हाच द्वारका भरलेलं घमेलं खाली ठेवते. “आधी सही, मुकादम.”

मुकादमाला मी खलनायक केलेलं नाही. त्याच्याकडेही कसले कागद नाहीत. सही केली तर आपणच अडकू, ही त्याची भीती खरी आहे. “तू माझ्याकडं अकरा दिवस होतीस, नव्वदवर सही कशी करू?” या वादातच सगळा लघुपट आहे. तो अखेर आपल्या अकरा चौकोनांवर सही करतो आणि द्वारका पुढच्या ठेकेदाराला फोन लावते.

स्थलांतरितांवरच्या कथांमध्ये गावची आठवण आणि शहराची निष्ठुरता हे पुष्कळदा येतं. मला द्वारकाची हुशारी दाखवायची आहे. आपली गरज नेमकी कधी लागते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

चित्रीकरण चार दिवसांचं. स्लॅब खराखुरा असेल, म्हणजे रीटेक नाही. म्हणून त्या दिवशी दोन कॅमेरे हवेत. मिक्सरचा आवाज जागेवरच घ्यायचाय, त्यासाठी अनुभवी ध्वनिमुद्रक हवा. रांगेतल्या बायका नाक्यावरच्याच असतील. त्यांना पूर्ण हजेरी आणि जेवण द्यायचं आहे, आणि ते पैसे संध्याकाळी हातात पडले पाहिजेत. अंदाजपत्रकातला हा आकडा मी कमी करणार नाही, बाकीच्यावर बोलू. एकूण खर्च साडेसहा लाख.

शूटिंग पावसाळ्याआधी व्हायला हवं. पटकथा, अंदाजपत्रक आणि जागांचे फोटो सोबत जोडले आहेत. या महिन्यात आपण अर्धा तास दिलात, तर ठाण्यातल्या आपल्या ऑफिसात येऊन पटकथा वाचून दाखवेन.

आपली,
तेजस्विनी