ध्येयवाक्याचा सुधारित मसुदा

सचिव महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक अहवालासाठी आलेला मजकूर असा आहे:

“सर्वांगीण व शाश्वत नागरी विकासाच्या ध्यासातून, सर्व भागधारकांच्या सक्रिय सहभागाने सहकार क्षेत्राचे सक्षमीकरण करणे आणि समावेशक गृहनिर्माणाची नवी परिसंस्था उभारणे.”

हा मजकूर एखाद्या बँकेच्या किंवा बिल्डरच्या माहितीपत्रकातही बिनदिक्कत खपेल. तुमच्या दादरच्या कार्यालयात फायली घेऊन येणाऱ्या कमिटीच्या लोकांना यातून काहीच कळणार नाही. मी तो असा केला आहे:

“इमारत उभी राहिली, सोसायटी नोंदली गेली, पण जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे, अशा मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांना ती जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायला आम्ही मदत करतो. कागदपत्रे जमवण्यापासून जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज, सुनावणी, मुद्रांक, दस्तनोंदणी आणि मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लागेपर्यंत आम्ही सोबत असतो. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या लहान सोसायट्यांना प्राधान्य. आमचा सल्ला विनामूल्य. सरकारी शुल्क आणि मुद्रांक संस्थेने भरायचे.”

‘सक्षमीकरण’ काढले, कारण कोणाला कशासाठी सक्षम करायचे ते मूळ वाक्यात कुठेच नाही. ‘भागधारक’ तर इथे घोटाळाच करतो: सोसायटीच्या प्रत्येक सभासदाकडे भाग दाखला असतो, तो भागधारक आहेच. तुम्हाला मात्र त्यात देणगीदार आणि महापालिकाही धरायची होती. ‘परिसंस्था’बद्दल न बोललेलेच बरे.

‘मानीव अभिहस्तांतरण’ ठेवले, कारण अर्जावर आणि आदेशावर तेच येते. कंसात ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ हवेच, कारण सोसायटीच्या सभेत सगळे तेच म्हणतात. संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत हस्तांतरण करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि तो ते टाळतो म्हणूनच 1963 च्या मोफा कायद्यात मानीव हस्तांतरणाची तरतूद आली. हे ध्येयवाक्यात कोंबलेले नाही. अहवालाच्या पहिल्या प्रकरणात चौकट करून द्या.

अध्यक्षांनी ‘पुनर्विकास’ घालायला सांगितले होते. तो मी घातलेला नाही. जमीन नावावर झाल्यावर बऱ्याच सोसायट्या त्या वाटेला जातात हे खरे, पण तुम्ही बिल्डर निवडून देत नाही, निविदा काढत नाही. तो शब्द छापलात तर उद्यापासून फोन त्याचेच येतील, आणि तुमचा बिल्डरशी काही संबंध आहे का, अशी शंकाही येईल. उलट ‘पुनर्विकासाचे काम आम्ही करत नाही’ असे शेवटी एक वाक्य घालावे, असे माझे मत आहे. ते कार्यकारिणीने ठरवावे.

एक खात्री करून घ्या: ‘विनामूल्य’ हे सगळ्यांनाच लागू आहे ना? मोठ्या सोसायट्यांकडून देणगी घेत असाल तर तेही त्याच ओळीत लिहू. शनिवारपर्यंत कळवा, सोमवारी पाने छपाईला जातात.

आपली,
अहवालाची संपादक