इयत्ता तिसरीच्या पालकांना पत्र

प्रिय पालकहो,

येत्या रविवारपासून सातच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतील. यंदा मुलांची प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी आहे.

सुरुवात दहा आज्ञांनी. मग पापनिवेदन, त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. पापनिवेदनाची मुलांना भीती वाटते, म्हणून या दाखल्यावर आपण बरेच रविवार थांबणार आहोत. पोरगं परत येताना दिसताच बाप धावत जातो, हे त्यांना आधी कळू दे. ‘फादरना सांगेन हं!’ असा धाक कृपया घरी घालू नका. शेवटी मिस्साचे भाग.

‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मारिये’ पाठ हवेतच, पण घोकंपट्टी नको. रात्री घरच्या रोझरीत एक दशक मुलाला चालवू द्या, अडखळलं तरी चालेल. आजी-आजोबा सामवेदीत किंवा वाडवळीत प्रार्थना सांगत असतील तर उत्तमच. घरी भांडण झालं, तर मोठ्यांनीही ‘चुकलं माझं’ म्हणावं. माझ्या तासाभराच्या शिकवणीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

शेतीची कामं असतील तेव्हा गैरहजेरी समजू शकते, क्रिकेटच्या सामन्यांसाठी मात्र नाही.

आपली,
धर्मशिक्षिका, इयत्ता तिसरी